टॅरो, ओरॅकल आणि ‘सरळ सांगा’

‘ते सगळं राहू द्या, सरळ सांगा, करू की नको?’ पत्ते उघडून बसलेल्या माणसाला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. समोर पाच-सहा चित्रं मांडलेली असतात. कुठे एक राणी, कुठे एक पडका मनोरा. विचारणाऱ्याला त्या चित्रांत रस नसतो, त्याला उत्तर हवं असतं. म्हणून हल्ली पत्ते वाचणारे बरेच जण टॅरोसोबत दुसरा एक संचही ठेवतात, ओरॅकल कार्डांचा. टॅरो आडवळणाने बोलतो आणि ओरॅकल थेट निरोप देतो, असा साधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

टॅरोचा कॅट आपल्या नेहमीच्या पत्त्यांच्या घराण्यातलाच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो खेळण्यासाठी तयार झाला. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांच्या जागी तलवारी, पेले, नाणी आणि दंड. प्रत्येक रंगाचे चौदा पत्ते, कारण राजा, राणी आणि गुलाम यांच्या जोडीला एक घोडेस्वारही असतो. असे छप्पन्न पत्ते झाले. उरलेले बावीस म्हणजे त्या खेळातले कायमचे हुकूम आणि एक विदूषक. मृत्यू, सूर्य, न्याय, मनोरा ही गाजलेली चित्रं या बाविसांतली. एकूण 78. भविष्य पाहण्यासाठी हे पत्ते वापरायची चाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये रुजली. टॅरो हे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे, ही वदंताही तिथलीच, 1781 सालची. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणाला वाचताही येत नव्हती, पण त्याने कोणाचं अडलं नाही.

आज दुकानात जो टॅरो सर्वाधिक दिसतो, तो लंडनमध्ये 1909 साली निघाला. आर्थर एडवर्ड वेट यांनी मांडणी केली आणि पामेला कोलमन स्मिथ या तरुण चित्रकर्तीने चित्रं काढली. तोवरच्या बहुतेक संचांत तलवारीच्या पंजीवर नुसत्या पाच तलवारी असायच्या. स्मिथबाईंनी तिथे माणसं आणली. तिघांचं भांडण होऊन गेलंय, एक जण तलवारी गोळा करत छद्मी हसतोय, बाकीचे दोघे पाठ फिरवून पाण्याकडे निघालेत. पत्ता आता एक प्रसंग सांगू लागला. मात्र यात आपण कोण, हसणारा की पाठ फिरवलेला, हे तो सांगत नाही. टॅरोचं आडवळण म्हणतात ते हेच.

ओरॅकल कार्डांना असं घराणं नाही. पत्ते किती, रंग कोणते, क्रम काय, हे सगळं संच काढणाऱ्याच्या मर्जीवर. कोणी देवदूत घेतो, कोणी प्राणी, कोणी झाडंपानं. बाजारात चव्वेचाळीस पत्त्यांचे संच बरेच दिसतात. डोरीन व्हर्च्यू या अमेरिकन लेखिकेच्या देवदूतांच्या संचांनी हा प्रकार घरोघर नेला. (त्याच बाईंनी 2017 साली ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारल्याचं जाहीर केलं आणि पुढे आपले जुने संच वापरू नका, असं सांगू लागल्या. संच अजून हातोहात फिरतच आहेत.) ओरॅकलच्या पत्त्यावर चित्राखाली बहुधा एखादा शब्द किंवा वाक्य छापलेलं असतं: ‘क्षमा’, ‘धीर धर’, ‘मदत माग’. सोबतच्या पुस्तिकेत त्याचं दोन-तीन परिच्छेदांचं स्पष्टीकरण. पत्ता उलटा आला तर अर्थ बदलेल, ही टॅरोतली भानगड इथे सहसा नाही. शेजारी कोणता पत्ता पडलाय, हेही बघावं लागत नाही.

म्हणजे थेट निरोप हवा तर ओरॅकल, असं म्हणून मोकळं व्हावं का? एक प्रश्न दोन्हीकडे टाकून बघू.

समजा, ठाण्यातल्या एका बाईंचं आईच्या घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी बोलणं बंद आहे. भाऊबीज तोंडावर आली आहे. प्रश्न एकच: मी आधी फोन करू का? टॅरो वाचणारा पत्ते पिसून तीन पत्ते काढतो आणि प्रत्येकाची जागा काढण्याआधीच ठरवतो. पहिला, गाडं कुठे अडलंय. दुसरा, आज काय परिस्थिती आहे. तिसरा, फोन केला तर काय. पहिल्या जागी वर सांगितलेली तलवारींची पंजी आली. दुसऱ्या जागी पेल्यांची चौकी: झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला एक तरुण, समोर तीन पेले, ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतोय आणि याचं लक्षच नाही. तिसऱ्या जागी पेल्यांचा गुलाम: हातातल्या पेल्यातून एक मासा डोकं वर काढतोय आणि तो पोरगा त्याच्याकडे कौतुकाने बघतोय. हा पत्ता निरोप्याचा मानतात, तोही भोळ्या, काहीशा पोरकट निरोपाचा.

वाचणारा म्हणेल, वाटणीत कोणीतरी जिंकलं, पण त्या जिंकण्याला चव नव्हती. एकाने हात पुढे केला होता, तो दुसऱ्याला दिसला नाही. फोन केलात तर हिशेबाचा विषय काढू नका, लहानपणीचं काहीतरी बोला. इथे बाई अडतात. झाडाखाली बसलेला तो की मी? हा पेच वाचणाऱ्याने घाईने सोडवू नये. बाईंना आठवतं की, गणपतीत भावाने वहिनीच्या हातून प्रसाद पाठवला होता आणि आपण तो ठेवून घेतला, पण कळवलं काहीच नाही. प्रसादाची गोष्ट पत्त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. चित्रात एक मोकळी जागा होती, ती बाईंनी स्वतःच्या आठवणीने भरली. टॅरोचं काम चालतं ते असं. त्याला वेळ लागतो आणि समोरच्याला बोलावंही लागतं.

आता ओरॅकल. एकच पत्ता काढला आणि ‘क्षमा’ निघाला. पुस्तिका सांगते, जुनं ओझं उतरवा, मन हलकं होईल. बाईंचे डोळे भरून येतात, कारण निरोप स्वच्छ आहे. पण फोन करायचा का? ते पत्त्यात नाही. एखादी म्हणेल, क्षमा करायची म्हणजे आजच फोन लावायचा. दुसरी म्हणेल, मनातल्या मनात माफ करून विषय संपवायचा. भाषा सरळ असली तरी उत्तर सरळ असतंच असं नाही.

शिवाय हा निरोप कोणालाही लागू पडला असता. बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली वर्गातल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझ्या स्वभावाचं वर्णन’ म्हणून कागद दिला. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता. ते वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले. ओरॅकलच्या वाक्यांचा जोर बराचसा इथूनच येतो, आणि टॅरोही त्यातून सुटलेला नाही. पुढे काय घडणार हे पत्त्यांना कळतं, याला आधार नाही. त्यामुळे आजारपण किंवा कोर्टकचेरीचा प्रश्न कुठल्याही कॅटसमोर ठेवू नये. फोन करू का, यासारख्या प्रश्नाला मात्र पत्ता विचार करायला एक टेकू देतो, आणि कोणता टेकू बरा, हे विचारण्यात अर्थ आहे.

माझ्या मते खरा फरक वेगळाच आहे आणि तो विकत घेताना कोणी तपासत नाही. बरेचसे ओरॅकल संच नकार देऊच शकत नाहीत. नवा संच आणला की सगळे पत्ते चित्र वर करून जमिनीवर मांडा आणि ‘थांब’, ‘हे तुझं नाही’, ‘इथे तुझी चूक आहे’ अशा अर्थाचे किती ते मोजा. चव्वेचाळिसात असे दोन-तीनच निघाले, तर त्या संचाला ‘नोकरी सोडू का?’ विचारण्यात हशील नाही. तो काहीतरी गोडच बोलणार, कारण छापताना कडू काही घातलेलंच नाही. टॅरोत मात्र पाठीत दहा तलवारी खुपसलेला माणूस आहे, बर्फात चर्चच्या खिडकीखालून लंगडत जाणारे भिकारी आहेत, वीज पडून कोसळणारा मनोरा आहे. टॅरो आडून बोलत असेल, पण त्याला वाईटही बोलता येतं.

या दोन्हींच्या मधला एक संच पुण्याशी नातं सांगतो. 1994 साली निघालेला ‘ओशो झेन टॅरो’. मा देव पद्मा यांची चित्रं आणि सांगाडा टॅरोचाच, वर एक जादा पत्ता धरून 79. पण चित्राखाली ओरॅकलसारखा शब्द छापलेला, आणि तो दरवेळी गोड नसतो: चालढकल, तुलना, अपराधीपणा. फोनच्या प्रश्नाला ‘चालढकल’ निघाला, तर विचारणाऱ्याची पळवाट बंद होते. ज्यांना एका पत्त्यात उत्तर हवंय आणि खोटं गोडही नकोय, त्यांनी हा संच बघायला हरकत नाही. मात्र तो भविष्य सांगण्यासाठी केलेला नाही. आत्ता मनात काय चाललंय, एवढंच त्याला विचारावं.

राहिला निव्वळ ‘हो की नाही’. टॅरोचा पत्ता सुलटा आला तर हो, उलटा आला तर नाही, असं काही जण करतात. मग 78 चित्रं कशाला, नाणं उडवलं तरी चालेल. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, तेव्हा कोणत्या बाजूची पाकळी पडली तर काय समजायचं, हे आधीच ठरलेलं असतं. पत्ता उघडल्यावर नियम ठरवला, तर आपल्याला हवं तेच उत्तर निघतं. म्हणून प्रश्न थोडा वळवून घ्यावा. ‘फोन करू का?’ऐवजी ‘फोन करायला मला कशाची अडचण वाटतेय?’ असं विचारलं, तर ओरॅकलचा एक पत्ता पुरतो. समोरच्या माणसाची बाजूही समजून घ्यायची असेल, तर टॅरोचे तीन, जागा आधी ठरवून.

आणि दुसरा पत्ता काढू नये. पहिला आवडला नाही की ‘जरा खुलासा’ म्हणून आणखी एक, मग आणखी एक, असं करत लोक अर्धा कॅट जमिनीवर पसरतात. पाचव्या पत्त्यावर चेहरा खुलला, तर उत्तर पाचव्या पत्त्याने दिलेलं नाही, ते आधीच ठरलेलं होतं. तेवढं कळलं की फोन करायचा असेल तर करावा.