दोन शीर्षकांची चाचणी : शोधदर्शनांची तुलना

शोधयंत्राच्या निकालांत एखादा लेख जितक्या वेळा दिसतो, तितकी त्याची ‘शोधदर्शने’ होत. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये त्यांना ‘इंप्रेशन्स’ म्हणतात. वाचकाने लेख उघडला की नाही, ही गणना वेगळी असते.

समजा, बिबवेवाडीत राहणाऱ्या तुम्ही जवळच्या मार्केट यार्डातील फुलबाजारावर लेख लिहिला. पहिले शीर्षक ‘सुगंधाची पहाट’ आणि दुसरे ‘मार्केट यार्ड फुलबाजार : केव्हा व कसे जावे’. एकाच लेखाची दोन शीर्षके शोधयंत्रापुढे एकाच वेळी ठेवता येत नाहीत. म्हणून ती आळीपाळीने, प्रत्येकी चार पूर्ण आठवडे ठेवावी लागतात. या काळात मजकूर आणि लेखाचा पत्ता बदलू नये. शीर्षक बदलल्यावर शोधयंत्राला ते कळण्यास काही दिवस लागतात. नवे शीर्षक निकालांत दिसू लागल्यानंतरच मोजणी सुरू करावी. शोधयंत्र कधी कधी स्वतःच वेगळे शीर्षक दाखवते. तसे झाल्यास चाचणी निरर्थक ठरते.

समजा, पहिल्या शीर्षकास ४०० आणि दुसऱ्यास ७०० दर्शने मिळाली. दुसरे शीर्षक सरस ठरले, असे म्हणण्याचा मोह होईल. परंतु दुसऱ्या चार आठवड्यांत गणेशोत्सव आला असेल, तर फुलांचा शोध एरवीही वाढलाच असता. हा परिणाम वेगळा काढण्यासाठी ज्यांची शीर्षके बदललेली नाहीत, असे फुलांविषयीचेच तुमचे इतर लेख पाहावेत. त्यांची एकत्रित दर्शने २,००० वरून ३,००० झाली असतील, तर वाढ दीडपट आहे. म्हणजे शीर्षक न बदलताही ४०० ची ६०० दर्शने अपेक्षित होती. शीर्षकाच्या वाट्याला उरलेली सुमारे १०० दर्शनेच येतात.

ही १०० दर्शने तरी खरोखर शीर्षकाची आहेत का? यासाठी शोधशब्दांची यादी पाहावी. ‘मार्केट यार्ड फुलबाजार’ यासारखे, नव्या शीर्षकातील शब्द असलेले शोध वाढले असतील, तर कारण पटण्याजोगे आहे. असंबद्ध शोध वाढले असतील, तर श्रेय शीर्षकाला देता येत नाही. शक्य असल्यास तिसऱ्या चार आठवड्यांत जुने शीर्षक परत आणावे. इतर लेखांच्या तुलनेत दर्शने पुन्हा खाली आली, तर निष्कर्ष बळकट होतो. मात्र दर्शने मुळातच दहा-वीस असतील, तर अशा फरकावरून काहीच ठरवू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : शीर्षक बदलल्यावर एका लेखाची दर्शने ३०० वरून ४५० झाली. त्याच काळात न बदललेल्या लेखांची दर्शने १,००० वरून १,५०० झाली. नव्या शीर्षकाचा परिणाम किती?

उत्तर : काहीच नाही. दोन्हीकडील वाढ दीडपटच आहे.