इतिवृत्तातून कामांची यादी

सोसायटीच्या कार्यकारिणीची सभा अडीच तास चालते आणि इतिवृत्त सात पानं भरतं. वहीत ते पूर्ण राहायलाच हवं. पण कोणी काय, कधीपर्यंत करायचं हे अर्ध्या पानात मिळालं, तरच लोक वाचतात. हे अर्धं पान काढताना क्रियापदांवर नजर ठेवावी. ‘चर्चा झाली’, ‘लक्ष वेधले’, ‘नाराजी व्यक्त केली’ म्हणजे निर्णय नव्हे, नाराजी कितीही खरी असली तरी. ‘ठरले’, ‘मंजूर झाले’, ‘अधिकार देण्यात आले’ दिसलं की पेन्सिलीने खूण करावी.

समजा, गच्चीच्या गळतीचा विषय आहे. विषय क्र. 3 मध्ये लिहिलंय, ‘तीन कंत्राटदारांकडून दरपत्रके मागवण्यात यावीत असे ठरले.’ पुढे विषय क्र. 6 मध्ये जमाखर्चावर बोलताना खजिनदार म्हणतात, की पुढच्या सभेत निवड करायची तर दरपत्रके 31 मार्चपर्यंत हवीत. सभा ते मान्य करते. आणि शेवटी, ऐनवेळच्या विषयांत, वेळ कमी असल्याने दोन दरपत्रके पुरेशी मानावीत असं ठरतं. पानापानाने सारांश काढणारा ‘तीन दरपत्रके’ लिहून मोकळा होतो. म्हणून आधी एका विषयाच्या सगळ्या खुणा एकत्र आणाव्यात आणि शेवटचा निर्णय धरावा. ऐनवेळचे विषय दोनदा वाचावेत. मघाचे निर्णय बदलतात ते बहुधा तिथेच.

आता जबाबदारी. ‘मागवण्यात यावीत’ या वाक्यात मागवणारा कुठेच नाही. ‘समितीने पाहावे’ असं असेल तर कोणीच पाहत नाही. एका कामापुढे एकच नाव हवं. मदतनीस वेगळे लिहावेत. नाव इतिवृत्तात नसेल तर आपल्या मनाने घालू नये. सचिव नेहमी ही कामं करतात म्हणून त्यांचं नाव टाकलं, तर सभेने न घेतलेला निर्णय आपण घेतला असं होतं. अध्यक्षांना विचारावं, तोवर ‘नाव ठरले नाही’ लिहावं.

मुदतीचंही तसंच. ‘पुढील सभेपूर्वी’ची तारीख काढता येते, कारण पुढची सभा 5 एप्रिलला आहे. ‘लवकरात लवकर’ची काढता येत नाही, तिथे ‘मुदत ठरली नाही’.

अट मात्र गाळू नये. गच्चीच्याच विषयातलं ‘खर्च चार लाखांवर गेल्यास सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा’ हे वाक्य गळलं, तर उरतं नुसतं ‘काम मंजूर’, आणि ते खोटं आहे.

अध्यक्षांनी सचिवांचं नाव सांगितल्यावर ओळ अशी होते: गच्ची गळती, किमान दोन दरपत्रके मागवणे, सचिव, 31 मार्च, खर्च चार लाखांवर गेल्यास सर्वसाधारण सभेपुढे, विषय 3, 6 व ऐनवेळचे. शेवटचे क्रमांक टाळू नका. वाद झाला तर सभेने कायम केलेलं इतिवृत्तच ग्राह्य धरलं जातं, आपला सारांश नाही.