ट्रान्सफॉर्मर, भाग २ : लोड नसतानाही खर्च होणारी वीज

मागच्या भागात म्युच्युअल इंडक्शन पाहिलं. तिथे एक प्रश्न राहिला होता. दोन वाइंडिंगमध्ये तारेचा काहीच संबंध नाही, मग सेकंडरीवर लोड वाढला हे प्रायमरीला कळतं कसं?

कोअरमध्ये फ्लक्स किती असणार हे प्रायमरीला दिलेलं व्होल्टेज ठरवतं: V ≈ 4.44 f N Φm. सेकंडरीतून करंट वाहू लागला की त्याचे ॲम्पिअर-टर्न्स हा फ्लक्स कमी करू पाहतात. फ्लक्स किंचित उतरताच प्रायमरीतला विरोधी ईएमएफही उतरतो आणि प्रायमरी पुरवठ्यातून जादा करंट ओढून घेते. तो करंट सेकंडरीच्या ॲम्पिअर-टर्न्सची बरोबर भरपाई करतो, त्यामुळे फ्लक्स होता जवळपास तेवढाच राहतो. हा मुद्दा नीट पचवा, कारण लॉसेसचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

कोअरच्या पोलादात दर सेकंदाला ५० वेळा चुंबकत्वाचं पूर्ण चक्र फिरतं. त्यात हिस्टेरेसिस लॉस होतो. शिवाय पोलादात एडी करंट फिरतात. ते रोखायला कोअर साधारण ०.३ मिलिमीटरच्या, एकमेकींपासून इन्सुलेट केलेल्या पत्र्यांचा रचतात. दोन्ही मिळून आयर्न लॉस. फ्लक्स बदलत नाही म्हणून हा लॉसही लोडप्रमाणे बदलत नाही. कॉपर लॉस मात्र करंटच्या वर्गाप्रमाणे वाढतो.

आता गावठाणातली १०० केव्हीएची, ११ केव्ही/४३३ व्होल्टची डीपी घ्या. तिचा आयर्न लॉस २६० वॅट आणि फुल लोडचा कॉपर लॉस १७६० वॅट धरू. संध्याकाळी ४ तास ८० टक्के लोड, उरलेले २० तास २० टक्के. ८० टक्क्यांना कॉपर लॉस १७६० × ०.६४, म्हणजे ११२६ वॅट. ४ तासांत साडेचार युनिट. २० टक्क्यांना जेमतेम ७० वॅट. २० तासांत १.४ युनिट. एकूण ५.९ युनिट. आयर्न लॉस २६० × २४, म्हणजे ६.२ युनिट! आकड्यात सातपट लहान दिसणारा लॉस दिवसाच्या हिशेबात पुढे निघून गेला. दोन्ही लॉस समान होतात तिथे एफिशियन्सी सर्वाधिक असते. या डीपीत तो बिंदू सुमारे ३८ टक्के लोडवर येतो. दिवसभर हलक्या लोडवर चालणाऱ्या डीपीसाठी हे योग्यच आहे.

आयर्न आणि कॉपर लॉसचे हे दोन आकडे प्रयोगशाळेत वेगवेगळे मिळतात, तेही फ्लक्स व्होल्टेजवर ठरतो याच कारणाने. ओपन सर्किट टेस्टमध्ये एलव्ही बाजूला पूर्ण ४३३ व्होल्ट देतात आणि एचव्ही उघडी ठेवतात. फ्लक्स पूर्ण, करंट अगदी कमी. म्हणून वॅटमीटर आयर्न लॉस दाखवतो. शॉर्ट सर्किट टेस्टमध्ये एलव्ही शॉर्ट करून एचव्हीला व्होल्टेज हळूहळू वाढवतात. इम्पीडन्स ४.५ टक्के असेल, तर ४९५ व्होल्टलाच फुल लोडचा ५.२५ अँपिअर करंट वाहतो. फ्लक्स नाममात्र असल्याने वॅटमीटर कॉपर लॉस दाखवतो. वाइंडिंग थंड असताना घेतलेलं हे रीडिंग ७५ अंश सेल्सिअसला बदलून घ्यावं लागतं, कारण तापल्यावर रेझिस्टन्स वाढतो. जुन्या डीपीच्या ओपन सर्किट टेस्टमध्ये तेवढ्याच व्होल्टेजला वॅट मूळ टेस्ट रिपोर्टपेक्षा बरेच जास्त आले, तर पत्र्यांमधलं इन्सुलेशन खराब झालं आहे का किंवा वाइंडिंगचे वेढे आपसात शॉर्ट झाले आहेत का, ते तपासावं.