तारीख आधी, आठवणी मग?

आमच्या शाळेची घंटा म्हणजे आंब्याच्या फांदीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. मार्च १९९६च्या दहावीच्या आमच्या बॅचला तीस वर्षं झाली म्हणून स्नेहमेळावा ठरला आणि निमंत्रणाचा व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलं. पहिला व्हिडिओ साडेचार मिनिटांचा झाला. ग्रुपवर कौतुक झालं, काहींनी डोळे भरून आल्याचं कळवलं. पण दुसऱ्याच दिवशी फोन सुरू झाले, "अरे, मेळावा नक्की कधी आहे?" तारीख शेवटच्या दहा सेकंदांत होती आणि तिथपर्यंत बरेच जण पोहोचलेच नव्हते.

मग संहिता नव्याने लिहिली, पंचाहत्तर सेकंदांची. मराठी शांतपणे वाचलं तर मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात. फोटोंना श्वास घ्यायला जागा हवी, म्हणून निवेदन शंभर शब्दांच्या आतच ठेवलं. कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. हा कागद तयार होईपर्यंत एकही फोटो मोबाइलवर जोडायचा नाही, हे मी त्यातून शिकलो.

सुरुवात काळ्या पडद्यावर, फक्त घंटेचे टोल. तो आवाज शाळेत जाऊन मोबाइलवर टिपला. पाचव्या सेकंदाला दहावी 'अ'चा ग्रुप फोटो आणि निवेदन: "मधली सुट्टी संपली. आता वर्गात या." त्यावर लगेच मोठ्या अक्षरांत: रविवार, २७ डिसेंबर २०२६. आठवणी त्यानंतर. तारीख आधी कळली म्हणून कुणी व्हिडिओ बंद केला नाही. उलट पुढचं प्रत्येक दृश्य बघताना जायचं की नाही याचा विचार माणूस करू लागतो.

आठवणींच्या पंचेचाळीस सेकंदांत अकरा फोटो बसले, प्रत्येकी चार सेकंद. यापेक्षा भराभर बदलले तर चेहरे ओळखता येत नाहीत. ग्रुप फोटो स्थिर ठेवला तर साठ जणांत स्वतःला शोधता येत नाही, म्हणून तो डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवला आणि त्याला एकट्यालाच आठ सेकंद दिली. कुठल्याही शाळेचे चालतील असे तयार फोटो मी कटाक्षाने टाळले. कर्कटकाने नावं कोरलेला आमचा बाक आणि लेझीम घेतलेल्या मुलींची रांग, यांची सर त्यांना येत नाही. जुने फोटो टिपताना ते फ्रेममधून काढून खिडकीजवळ सपाट ठेवावेत आणि मोबाइल बरोबर वर धरावा. काचेतून काढले की ट्यूबलाइटची रेघ नेमकी कुणाच्या तरी तोंडावर येते.

आम्हाला सोडून गेलेल्या दोघांचे फोटो घेण्याआधी त्यांच्या घरच्यांना विचारलं. तिथे निवेदन नाही, फक्त नाव. मुलींची नावं माहेरच्या आडनावासह लिहिली, कारण वर्गात त्यांची ओळख तीच. पार्श्वभूमीला सिनेमाचं गाणं लावायचा मोह होतोच. पण हक्क नसलेलं गाणं समाजमाध्यमांवर मूक केलं जाऊ शकतं. आम्ही वर्गमित्राने वाजवलेली बासरी लावली.

शेवटची बारा सेकंदं एकाच स्थिर पाटीची. वार, तारीख, वेळ, शाळेचं सभागृह, आणि खाली ठळक: "नोंदणी ६ डिसेंबरपर्यंत." हा दिवस का, तेही निवेदनात सांगितलं: "आचाऱ्याला पानांचा आकडा सात तारखेला द्यायचा आहे." कारण कळलं की लोक लांबवत नाहीत. पहिल्या व्हिडिओत मी क्यूआर कोड टाकला होता. पण ज्या मोबाइलवर व्हिडिओ दिसतोय, त्याच मोबाइलने तो कोड स्कॅन कसा करणार? व्हिडिओत लिहिलेल्या लिंकवर बोट ठेवूनही काही उघडत नाही. म्हणून लिंक त्याच संदेशात व्हिडिओखाली दिली. पुढे पाठवताना तो मजकूर गळू शकतो, यासाठी नोंदणी घेणाऱ्या दोघांची नावं आणि फोन क्रमांक, त्यांना विचारून, पाटीवरही टाकले. फॉर्ममध्ये चारच प्रश्न ठेवले: शाळेतलं नाव, तुकडी, फोन आणि किती जण येणार.

पुष्कळ लोक बसमध्ये, कार्यालयात आवाज बंद ठेवूनच व्हिडिओ पाहतात, म्हणून निवेदनातलं प्रत्येक वाक्य अक्षरांतही हवं. तुमचा व्हिडिओ तयार झाला की समितीत नसलेल्या एका वर्गमित्राला आवाज बंद करून तो एकदाच दाखवा. मेळावा कधी, कुठे आणि नोंदणी कशी करायची, हे तीन प्रश्न विचारा. तिन्ही उत्तरं बरोबर आली की मगच तो ग्रुपवर टाका.