सही करण्याआधी ही पुस्तिका वाचा

वसतिगृहात प्रवेश घेताना दहा-बारा कागदांवर सह्या होतात. त्यातला एक कागद 'मी नियमपुस्तिका वाचली असून सर्व नियम मला मान्य आहेत' असं सांगणारा असतो. मागे रांग असते, वडील ट्रंक सांभाळत उभे असतात, आणि पुस्तिका बहुतेक वेळा सही झाल्यावर हातात पडते. पुढे कधी वाद निघाला, तर रेक्टर सगळ्यात आधी हाच कागद फाइलमधून काढतात. म्हणून पुस्तिकेत नेमकं काय असतं आणि ती वाचताना कुठे थांबायचं, ते पाहू.

वेळांचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो: अमुक वाजता फाटक बंद, अमुक वाजता हजेरी. भांडणं मात्र या वेळेवरून कमी होतात आणि बाहेर जाण्याच्या रजिस्टरवरून जास्त. त्या रजिस्टरमध्ये नाव, खोली क्रमांक, कुठे आणि का चाललो, बाहेर पडण्याची वेळ आणि सही असे रकाने असतात. शेवटचा रकाना परत आल्याच्या वेळेचा. रात्री दमून आलेला मुलगा तो न भरताच खोलीवर जातो. कागदावर मग तो रात्रभर बाहेरच राहतो, आणि महिन्याच्या शेवटी रजिस्टर तपासताना त्याच्या नावापुढे 'विनापरवानगी रात्रभर गैरहजर' असा शेरा पडतो. खरोखर उशीर झालाच, तर निघाल्या जागेवरूनच रेक्टरना फोन करावा, मेसेजही टाकावा आणि एसटीचं तिकीट जपून ठेवावं. दुसऱ्या दिवशी लिहून द्यायच्या खुलाशाला तेच जोडता येतं.

मुलींच्या वसतिगृहाचं फाटक मुलांच्या आधी बंद होणं आपल्याकडे अंगवळणी पडलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या 2015च्या नियमावलीत मात्र स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षिततेचं कारण देऊन विद्यार्थिनींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लादू नयेत. पुस्तिकेत मुलींसाठी आठ आणि मुलांसाठी साडेदहा अशी वेळ छापलेली असेल, तर या नियमावलीचा हवाला देऊन लेखी विचारणा करण्याचा विद्यार्थिनींना पूर्ण अधिकार आहे, आणि तो त्यांनी वापरावा असं माझं ठाम मत आहे.

पाहुण्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाहुण्याने भेटीच्या खोलीत बसायचं, ठरल्या वेळेत यायचं आणि स्थानिक पालकाचा फोटो व सही आधी नोंदलेली असायची. धोका आहे तो रात्री ठेवून घेतलेल्या मित्राचा. अशा बिनपरवाना राहणाऱ्याला मुलं 'पॅरासाइट' म्हणतात. गावाकडून परीक्षेला आलेल्या मित्राला दारात उभं ठेवणं कुणालाच जमत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण खोलीत काही घडलं, चोरी झाली किंवा आग लागली, तर आत नेमकं कोण होतं हे वसतिगृहाला ठाऊक नसतं, आणि जबाबदारी खोली ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर येते. बऱ्याच वसतिगृहांत रोजची ठरावीक रक्कम भरून पाहुणा ठेवण्याची सोय असते. ते कलम शोधा.

पैशांच्या पानावर अनामत आणि मेस हे दोन शब्द नीट वाचावेत. अनामत परत मिळते, पण ती 'नुकसानभरपाई वजा करून'. म्हणून खोलीचा ताबा घेतानाच खाट, टेबल, पंखा आणि खिडकीच्या काचा यांची स्थिती लिहून त्यावर रेक्टरची सही घ्या. आधीच तडकलेल्या काचेचे पैसे वर्षाअखेरीस आपल्याकडून कापले जाणार नाहीत.

मेसच्या सवलतीचा हिशेब एका उदाहरणाने पाहू. समजा मेसचे महिन्याला 3,600 रुपये आहेत, म्हणजे दिवसाला 120. नियम असा की सलग पाच दिवस किंवा जास्त गैरहजर असाल आणि दोन दिवस आधी अर्ज दिला असेल, तरच पैसे वजा होतील. एक मुलगी अर्ज देऊन दिवाळीला सलग सहा दिवस घरी गेली, तर तिचे 720 रुपये वाचतात. तिची मैत्रीण तीन-तीन दिवस दोनदा गेली. तीही सहा दिवस जेवली नाही, पण तिला एक रुपयाही मिळत नाही. तिसरीने मेसवाल्या काकांना नुसतं तोंडी सांगितलं होतं. तिलाही काही मिळत नाही.

आता शिस्तभंगाचं प्रकरण. याच्या पायऱ्या साधारण ठरलेल्या असतात: तोंडी समज, लेखी ताकीद, पालकांना पत्र, दंड, काही काळ वसतिगृहबंदी आणि शेवटी प्रवेश रद्द. पुस्तिका चांगली की वाईट, हे या यादीवरून ठरत नाही. आरोप लेखी कळवला जाईल का, बाजू मांडायला वेळ मिळेल का, निर्णय कोण घेणार आणि त्यावर दाद कुठे मागायची, या चार प्रश्नांची उत्तरं तिच्यात असली पाहिजेत.

केरळमधलं 2019चं एक प्रकरण इथे लक्षात घेण्यासारखं आहे. कोळिकोड जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात रात्री दहा ते सकाळी सहा मोबाईलबंदी होती. पुढे ती बदलून संध्याकाळी सहा ते रात्री दहा अशी केली गेली. मुलींकडून नवा नियम मान्य असल्याचं लिहून घेण्यात आलं. बीएच्या एका विद्यार्थिनीने ते दिलं नाही. हे अभ्यासाचेच तास आहेत आणि अभ्यासासाठी फोन लागतो, असं तिचं म्हणणं होतं. तिला वसतिगृह सोडायला सांगण्यात आलं आणि ती केरळ उच्च न्यायालयात गेली. 19 सप्टेंबर 2019 रोजी न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे असा निकाल देऊन तिला पुन्हा प्रवेश द्यायला सांगितलं. न्यायालयाने वसतिगृहाचा शिस्त राखण्याचा अधिकार मान्य केला. मात्र सज्ञान विद्यार्थिनीने फोन कधी वापरावा हे तिच्यावर लादता येणार नाही, आणि इतरांना त्रास होणार नाही याची काळजी तिने घ्यावी, अशी न्यायालयाची भूमिका होती. दिवे गेल्यावर मोठ्याने बोलू नये हा नियम टिकतो, कारण त्याने शेजारणीची झोप वाचते. चार तास फोन जमा करण्याचा नियम टिकला नाही.

एका बाबतीत मात्र समज, ताकीद, दंड ही शिडी लागूच होत नाही, आणि ती म्हणजे रॅगिंग. महाराष्ट्रात 1999 पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवणं बंधनकारक आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'आपसात मिटवून टाका' असं सांगणारा संस्थाप्रमुख स्वतःच अडचणीत येतो, कारण तक्रारीकडे दुर्लक्ष करणं हेही या कायद्याने गुन्ह्याला साथ देणं मानलं आहे. तक्रार तोंडी न देता कागदावर द्या आणि प्रतीवर तारखेसह पोच घ्या, कारण सात दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

यंदा मुलाला किंवा मुलीला वसतिगृहात सोडायला जाणार असाल, तर सही करण्याआधी पुस्तिका मागून घ्या, रांगेबाहेर बसून शिस्तभंगाचं आणि पैशांचं पान वाचा, आणि सही केलेल्या कागदाचा फोटो काढून ठेवा.