एक टक्क्याचे मालक

शंभर शेअर द्या, एक घ्या. कंपनीकडून असं पत्र आलं की साधा गुंतवणूकदार हबकतो. डिमॅट खात्यात काल हजार शेअर दिसत होते, आज दहाच उरले, म्हणजे कोणीतरी लुबाडलं असं त्याला वाटतं. खरं तर या ‘रिव्हर्स स्प्लिट’मध्ये त्याचं काहीच जात नाही. शंभराच्या पाच नोटा देऊन पाचशेची एक घ्यावी तसं ते आहे. शेअर शंभरपट कमी होतात आणि प्रत्येकाचा भाव तत्त्वतः शंभरपट वाढतो. मात्र बुडत्या कंपनीत हे पत्र एकटं येत नाही. त्याच्या आगेमागे आणखी एक व्यवहार असतो, कर्जाच्या बदल्यात शेअर देण्याचा, आणि नुकसान होतं ते तिथं. हे दोन्ही वेगवेगळे करून बघायचे तर जनरल मोटर्सने 27 एप्रिल 2009 रोजी मांडलेल्या प्रस्तावाइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

जीएमला 2008 या एका वर्षात 30.9 अब्ज डॉलर तोटा झाला होता. कंपनी अमेरिकी सरकारच्या कर्जावर दिवस ढकलत होती. ओबामा सरकारने मार्चअखेर मुख्याधिकारी रिक वॅगनर यांना जायला सांगितलं आणि 1 जूनपर्यंत देणेकऱ्यांशी तडजोड करा, नाहीतर न्यायालयात जा, अशी मुदत दिली. (पुण्याजवळ तळेगावात याच कंपनीचा नवा कारखाना सप्टेंबर 2008 मध्ये सुरू झाला होता. घरी चूल विझत असताना परदेशात गृहप्रवेश.)

तडजोड करायची होती ती तीन मोठ्या देणेकऱ्यांशी. पहिलं सरकार. त्याच्या कर्जापैकी निदान निम्मं, म्हणजे सुमारे 10 अब्ज डॉलर, शेअरमध्ये बदलायचं होतं. दुसरा, निवृत्त कामगारांच्या औषधपाण्यासाठी युनियनशी करार करून उभा राहिलेला निधी. कंपनी त्याला सुमारे 20 अब्ज देणं लागत होती. त्यातलेही निदान निम्मे शेअरच्या रूपात घ्या आणि उरलेले पुढे रोखीने मिळतील, असं ठरत होतं. तिसरे रोखेधारक. त्यांचे 27 अब्ज डॉलरच्या वर अडकले होते आणि त्यांना मात्र मुद्दलाचा एकही डॉलर रोख मिळणार नव्हता. 1000 डॉलरच्या रोख्यामागे 225 शेअर, आणि साचलेलं व्याज तेवढं रोख, इतकंच.

आता हिशेब. तेव्हा जीएमचे शेअर होते सुमारे 61 कोटी. रोखेधारकांना 225 च्या हिशेबाने साधारण 612 कोटी नवे शेअर द्यावे लागणार होते. सरकारला सुमारे 3,055 कोटी आणि कामगार निधीला 2,380 कोटी. सगळे मिळून 6,100 कोटींच्या घरात. म्हणजे सरकारकडे निम्मी कंपनी, निधीकडे 39 टक्के, रोखेधारकांकडे 10 टक्के आणि जुन्या भागधारकांकडे 1 टक्का.

त्यानंतर रिव्हर्स स्प्लिट, शंभरास एक. 6,100 कोटींचे पुन्हा 61 कोटी झाले असते. एकूण आकडा जिथून निघाला तिथेच परत आला असता. फक्त आधी ते 61 कोटी सगळे जुन्या भागधारकांचे होते, आता त्यांचे 61 लाख. ज्याच्याकडे हजार शेअर होते त्याच्याकडे दहा उरले असते. पण त्याची मालकी घटली ती हजाराचे दहा होताना नव्हे. त्याचे हजार शेअर हजारच असताना कंपनीने 6,000 कोटींवर नवे शेअर छापले, तेव्हाच त्याचा वाटा शंभरातला एक झाला होता.

मग हा रिव्हर्स स्प्लिट करायचाच कशाला? एक तर 6,100 कोटी शेअर बाजारात सोडले की भाव सेंटांमध्ये जातो, आणि न्यूयॉर्क शेअर बाजारात सलग 30 दिवसांचा सरासरी बंद भाव एक डॉलरच्या खाली राहिला तर कंपनीची नोंदणी धोक्यात येते. शिवाय मोठे फंड चिल्लर भावाच्या शेअरला सहसा हात लावत नाहीत. थोडक्यात, तो भाव दिसायला बरा करण्यासाठी असतो. त्याने कर्ज एका पैनेही कमी होत नाही. कर्ज कमी होतं ते अदलाबदलीने, आणि या प्रस्तावात ते निदान 44 अब्ज डॉलरने कमी होणार होतं.

कोणाच्या पदरात काय पडलं असतं, ते कंपनीच्या एकूण शेअरची किंमत किती धरता यावर आहे. समजा कर्ज उतरल्यावर ती 10 अब्ज डॉलर भरली. सरकारला 10 अब्जांच्या कर्जामागे 5 अब्ज, म्हणजे डॉलरमागे 50 सेंट. कामगार निधीला शेअरमध्ये बदललेल्या भागावर 39 सेंट, वर उरलेली रोख येणे. रोखेधारकाला 1000 डॉलरमागे 37 डॉलर, म्हणजे पुरते चार सेंटही नाहीत. जुन्या भागधारकाला एका शेअरमागे 16 सेंट. स्प्लिटनंतर त्याच्या खात्यात हाच शेअर 16 डॉलरचा दिसला असता आणि पाहुण्यांना वाटलं असतं की भाव वधारला. किंमत 30 अब्ज धरली तर सगळे आकडे तिप्पट करा. आपसातलं प्रमाण तेच राहतं.

रोखेधारक भडकले ते या प्रमाणावर. त्यांचं म्हणणं साधं होतं: निधी आणि आम्ही, दोघेही बिनतारण देणेकरी. 10 अब्जांना 39 टक्के आणि 27 अब्जांना 10 टक्के, हा कुठला न्याय? त्यांच्या समितीने 58 टक्के मागितले. पुस्तकी नियमाने त्यांची बाजू खोटी नव्हती. पण अशा वाटाघाटीत कागदावरच्या क्रमापेक्षा, उद्या कंपनीला कोणाची गरज आहे याला जास्त वजन असतं. कामगारांनी काम थांबवलं तर गाड्या बनत नाहीत. सरकारने पैसा थांबवला तर पगार होत नाहीत. कर्ज द्यायला दुसरं कोणी तयारच नव्हतं. सुट्या भागांच्या पुरवठादारांना तर या अदलाबदलीत ओढलंच नाही, कारण त्यांचं बिल अडकलं की दुसऱ्या दिवशी कारखाना बंद. रोखेधारकांनी आपला पैसा आधीच देऊन ठेवला होता. त्यांच्याकडे रोखून धरायला नकाराखेरीज काही नव्हतं.

तो नकार मात्र भक्कम होता. अमेरिकेच्या 1939 च्या कायद्याप्रमाणे, न्यायालयाबाहेर तडजोड करताना एखाद्या रोखेधारकाचं मुद्दल त्याच्या संमतीशिवाय कापता येत नाही. बहुमत त्याच्यावर लादता येत नाही. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, इतरांनी होकार द्यावा, त्यांचं कर्ज उतरावं, आणि सुधारलेल्या कंपनीकडून आपण पूर्ण पैसे वसूल करावेत. म्हणूनच जीएमने अट घातली होती की सुमारे 90 टक्के रोखे आले तरच व्यवहार होईल. 26 मेच्या मध्यरात्री मुदत संपली तेव्हा त्याच्या आसपासही रोखे आले नव्हते.

या साऱ्या महिन्यात शेअर बाजार काय करत होता, हे बघण्यासारखं आहे. प्रस्ताव आला तेव्हा शेअर पावणेदोन डॉलरच्या आसपास होता. 61 कोटी शेअर, म्हणजे जुन्या भागधारकांचा वाटा बाजार साधारण एक अब्ज डॉलरचा धरत होता. पण तो वाटा प्रस्तावानुसार एक टक्का राहणार होता. एक टक्का एक अब्जाचा असेल तर अख्खी कंपनी शंभर अब्जांची ठरते. इतकी किंमत जीएमला तिच्या वैभवाच्या काळातही कधी आली नव्हती. एका गुणाकाराने कळेल अशी ही गोष्ट, आणि तरी लोक शेअर घेत होते. अशा कंपनीचा शेअर ‘स्वस्त’ आहे की नाही हे बघायला चार्ट लागत नाही; आजचा भाव, अदलाबदलीनंतरचे एकूण शेअर आणि साधी कॅल्क्युलेटरची बटणं पुरतात. फक्त जुने शेअर मोजायचे नाहीत, नवे धरून मोजायचे.

1 जूनला जीएम न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात गेली. तिथं एकेकाची संमती लागत नाही. 10 जुलैला चांगले कारखाने आणि ब्रँड सरकारी पैशाच्या नव्या कंपनीने विकत घेतले. त्या नव्या कंपनीत सरकारकडे 60.8 टक्के, कॅनडाकडे 11.7, कामगार निधीकडे 17.5 आणि जुन्या कंपनीकडे, म्हणजे रोखेधारक व इतर बिनतारण देणेकऱ्यांसाठी, 10 टक्के. वर पुढे ठराविक भावाने आणखी 15 टक्क्यांपर्यंत शेअर घेण्याचे वॉरंट. म्हणजे नकार देऊन रोखेधारकांच्या पदरात जरा जास्तच पडलं. वॉरंटचं हे आमिष शेवटच्या आठवड्यात दाखवलं गेलं होतं. जुन्या भागधारकांना मात्र तो एक टक्काही मिळाला नाही. शून्य. त्यांचा शेअर जुन्या कंपनीला चिकटून राहिला आणि 2011 मध्ये रद्द झाला. देणेकऱ्यांचं पूर्ण फिटलं नाही तर मालकाला काही मिळत नाही, हा नियम न्यायालयात कडक लागतो. बाहेरच्या तडजोडीत एक टक्का देऊ केला होता तो काही हक्क म्हणून नव्हे, गोष्ट न्यायालयापर्यंत जाऊ नये म्हणून.

नवी कंपनी नोव्हेंबर 2010 मध्ये 33 डॉलरने बाजारात आली. येण्याआधी तिने शेअरचे तुकडे केले, एकाचे तीन. भाव दिसायला जड नको म्हणून. सरकारने डिसेंबर 2013 मध्ये शेवटचा शेअर विकला तेव्हा त्याला दहा अब्ज डॉलरच्या वर खोट आली होती.

आपल्याकडे शंभरास एक हा आकडा गाजला तो रुची सोयाच्या प्रकरणात. मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने 2019 मध्ये पतंजलीची योजना मंजूर केली. बँकांनी तिथे मुख्यतः रोख घेतली. तारण असलेल्या सावकारांना सुमारे 8,400 कोटींच्या दाव्यावर 4,053 कोटी मिळाले. जुन्या 33.41 कोटी शेअरचे 33.41 लाख झाले. इथे एक बारकावा आहे. निव्वळ एकत्रीकरण असतं तर दोन रुपये दर्शनी मूल्याचे शंभर शेअर जाऊन दोनशे रुपये दर्शनी मूल्याचा एक शेअर आला असता. इथं नवा शेअरही दोन रुपयांचाच होता. म्हणजे हे भांडवल कापणं होतं, नुसती मोड देणं-घेणं नव्हे. पत्र हातात आलं की दर्शनी मूल्याची ओळ आधी वाचावी ती यासाठी.

पाठोपाठ नव्या मालकाला सुमारे 29 कोटी शेअर मिळाले आणि बाकी सगळ्यांकडे मिळून एक टक्क्याच्या आसपास उरलं. जानेवारी 2020 मध्ये शेअर पुन्हा सुरू झाला तो 17 रुपयांच्या आसपास. विकायला माल म्हणावा तर नव्हताच, आणि घेणारे रोज वरच्या सर्किटला रांग लावून. जूनअखेर भाव दीड हजारावर गेला. त्या भावाने कंपनीची किंमत काढली तर ती चाळीस हजार कोटींच्या वर जात होती, आणि ज्यांनी ती विकत घेतली होती त्यांनी सगळे मिळून 4,350 कोटी मोजले होते. 2021 मध्ये नियम बदलला. दिवाळखोरीतून बाहेर पडून बाजारात परतणाऱ्या कंपनीत आता लोकांकडे निदान 5 टक्के शेअर असावे लागतात.