कमाई एक, खात्यात जमा दुसरी : डिलिव्हरी पार्टनरच्या विवरणपत्राचा हिशेब का जुळत नाही?

बंगळुरू : घरपोच सेवा देणाऱ्या डिलिव्हरी पार्टनरच्या मोबाइलवर आठवड्याच्या शेवटी विवरणपत्र येते. त्यात ऑर्डरची कमाई, प्रोत्साहन रक्कम, दंड आणि कंपनीचे कमिशन असे रकाने असतात. त्यांची बेरीज-वजाबाकी केल्यावर जो आकडा येतो, तो बँकेत जमा झालेल्या रकमेशी मात्र अनेकदा जुळत नाही. कर्नाटकात २०२५ मध्ये लागू झालेल्या गिग कामगार कायद्याने अशा प्रत्येक कपातीचे कारण सांगणे कंपनीवर बंधनकारक केले आहे. त्या तरतुदीचा उपयोग करून घ्यायचा, तर फरक नेमका कोठे निर्माण होतो हे आधी समजून घ्यावे लागते.

बंगळुरूत दुचाकीवरून पार्सल पोहोचवणाऱ्या एका पार्टनरचे उदाहरण घेऊ. पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी आहेत. सोमवार ते रविवार या आठवड्यात त्याच्या फेऱ्यांचे एकूण भाडे ६,००० रुपये झाले. त्यावर १५ टक्के कमिशन, म्हणजे ९०० रुपये वजा झाले. प्रोत्साहन रक्कम ८०० रुपये, ग्राहकांनी दिलेली टिप १०० रुपये आणि दंड १५० रुपये. या हिशेबाने त्याला ५,८५० रुपये मिळायला हवेत. प्रत्यक्षात खात्यात ३,८०८ रुपये आले. फरक २,०४२ रुपयांचा.

या फरकाचा सर्वांत मोठा भाग बहुधा रोख रकमेचा असतो. ग्राहकाने रोखीने पैसे दिले, तर ते पार्टनरच्या खिशात राहतात आणि कंपनी तेवढी रक्कम देण्यातून वळती करून घेते. या पार्टनरने आठवडाभरात १,५०० रुपये रोख घेतले होते. ही कपात नव्हे, कारण ते पैसे त्याला आधीच मिळालेले आहेत. मात्र पेट्रोल आणि जेवणावर ते रोजच्या रोज खर्च होत असल्याने आठवड्याच्या शेवटी त्यांची आठवण राहत नाही. त्यामुळे घेतलेल्या आणि भरणा केलेल्या रोख रकमेची स्वतंत्र नोंद ठेवली नाही, तर पुढील हिशेब निरर्थक ठरतो.

दुसरे कारण कालावधीचे. कमाईचा आठवडा आणि प्रोत्साहन रकमेचा आठवडा नेहमी एकच नसतो. शनिवार-रविवारचे लक्ष्य पूर्ण केल्याची रक्कम पडताळणीनंतर पुढील देयकात दिली जाऊ शकते. आपल्या उदाहरणात ८०० पैकी २५० रुपये असे पुढे गेले. विवरणपत्रात ते ‘मिळवलेले’ म्हणून दिसतात, पण अद्याप ‘दिलेले’ नसतात. पुढील आठवड्याच्या देयकात ते आले की नाही, हे तपासणे हाच यावरील उपाय आहे.

तिसरे कारण करांचे. पार्टनरला कंत्राटदार मानून रक्कम दिली जात असेल, तर ठरावीक मर्यादेनंतर व्यक्तीसाठी १ टक्का दराने टीडीएस कापला जातो. पॅन दिलेला नसेल, तर हा दर २० टक्क्यांपर्यंत जातो. येथे टिप वगळून ५,५०० रुपयांवर ५५ रुपये कापले गेले, असे धरू. ही रक्कम बुडत नाही. ती आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पार्टनरच्या पॅनपुढे दिसते, आणि कर देय नसल्यास विवरणपत्र भरून परत मागता येते. कापलेला टीडीएस तेथे दिसत नसेल, तर ती गंभीर बाब समजावी. याशिवाय काही कंपन्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी वेगळा आकारतात. ९०० रुपयांच्या कमिशनवर तो १६२ रुपये होतो. त्यामुळे १५ टक्के सांगितलेले कमिशन प्रत्यक्षात १७.७ टक्के पडते.

कमिशनच्या बाबतीत सेवेचा प्रकारही पाहावा लागतो. खाद्यपदार्थांच्या ॲपवर कमिशन सामान्यतः उपाहारगृहाकडून घेतले जाते, आणि पार्टनरला प्रत्येक ऑर्डरमागे ठरलेली रक्कम मिळते. पार्सल किंवा प्रवासी सेवेत ते पार्टनरच्या भाड्यातूनच वजा होऊ शकते. करारात पार्टनरकडून कमिशन घेण्याचा उल्लेख नसताना विवरणपत्रात तो रकाना दिसला, तर त्याबद्दल विचारणा करावी.

आता रोख १,५००, पुढे गेलेले प्रोत्साहन २५०, टीडीएस ५५ आणि जीएसटी १६२ यांची बेरीज १,९६७ रुपये होते. फरक होता २,०४२ रुपयांचा. म्हणजे ७५ रुपये उरतात, ज्यांचे स्पष्टीकरण कोणत्याही रकान्यात नाही. ते बॅग किंवा टी-शर्टचा हप्ता असतील, तातडीने पैसे काढल्याचे शुल्क असेल किंवा विवरणपत्र तयार झाल्यानंतर लागलेला दंडही असेल. खरा वाद येथे सुरू होतो. ‘२,०४२ रुपये कमी आले’ अशी तक्रार केल्यास रोख रकमेकडे बोट दाखवून ती निकाली काढली जाण्याची शक्यता असते. ‘७५ रुपये कोणत्या ऑर्डरपोटी कापले?’ या प्रश्नाला मात्र ठोस उत्तर द्यावे लागते.

दंडालाही हीच कसोटी लावावी. प्रत्येक दंडामागे ऑर्डर क्रमांक, तारीख आणि कारण असायला हवे. ग्राहकाने रद्द केलेली ऑर्डर पार्टनरच्या नावावर चढली, तर दंड बसतोच. शिवाय ऑर्डर स्वीकारण्याचे प्रमाण घसरून आठवड्याचे प्रोत्साहनही हातचे जाऊ शकते. ते नुकसान विवरणपत्रात कोठेही वजाबाकी म्हणून दिसत नाही. म्हणूनच आठवड्याच्या सुरुवातीला ॲपवर दाखवलेल्या प्रोत्साहनाच्या अटींचा स्क्रीनशॉट जपून ठेवणे उपयोगी ठरते.

कर्नाटकच्या कायद्यानुसार पार्टनरला किमान दर आठवड्याला मोबदला मिळाला पाहिजे आणि कपातीची कारणे कळवली गेली पाहिजेत. कराराची भाषा सोपी असावी, असेही हा कायदा सांगतो. तक्रारीसाठी कंपनीची अंतर्गत समिती आणि शासनाचा तक्रार निवारण अधिकारी अशी व्यवस्था त्यात आहे. प्रत्येक व्यवहारातील मोबदल्यावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्काची तरतूद आहे. ते शुल्क कंपनीवर आकारले जाते, त्यामुळे पार्टनरच्या विवरणपत्रात ते वजावट म्हणून दिसल्यास आक्षेप घेता येतो. या शुल्काच्या पडताळणीसाठी मोबदल्याच्या देयकांची नोंद शासकीय प्रणालीत ठेवण्याची तरतूदही आहे.

कायद्याच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. तो प्रति ऑर्डर किमान दर ठरवत नाही, कमिशनवर कमाल मर्यादा घालत नाही आणि दंडाला सरसकट मनाईही करत नाही. कपात योग्य होती का, हा प्रश्न त्यामुळे करारातील अटींवर अवलंबून राहतो. कपात कशासाठी झाली, हे विचारण्याचा अधिकार मात्र आता पार्टनरकडे आहे. त्यासाठी तक्रारीत विवरणपत्राचा कालावधी, रोख रकमेची नोंद, बँकेतील जमेचा यूटीआर क्रमांक आणि शेवटी उरलेली नेमकी रक्कम, एवढे चार तपशील असणे आवश्यक आहे.